पगाराच्या साठपट गृहकर्ज? एजंटच्या आकड्यात जोडप्यांना काय दिसत नाही

वर्धा : "दोघांचा मिळून पगार 65 हजार? मग 39 लाखांचं गृहकर्ज नक्की!" वर्धा, हिंगणघाट, पुलगाव परिसरात नुकतीच नोकरी लागलेल्या, नुकतंच लग्न झालेल्या कुठल्याही जोडप्याच्या मोबाइलवर असा एखादा मेसेज असतोच. पाठवणारा ओळखीचाच असतो, कधी मित्राचा मित्र, कधी कॉलेजचा सीनियर. तो अमुक बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं काम करतो. हिशेबही सोपा असतो. हातात येणारा पगार गुणिले साठ, की झाली पात्रता.

हा आकडा निव्वळ थाप नसतो. कर्ज देणाऱ्या काही संस्था सुरुवातीचा अंदाज म्हणून अशी पट वापरतात. पण अंदाज, मंजुरी आणि झेपेल इतकं कर्ज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेसेजमध्ये त्या एकाच आकड्यात कोंबलेल्या असतात. गृहकर्जाची पात्रता समजावून सांगणाऱ्या एजंटने त्या सुट्या करून सांगायला हव्यात. तो सांगत नसेल तर जोडप्याने स्वतः कागद-पेन घेऊन बसावं. गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

एजंट नेमका कोण?

बँकांच्या भाषेत तो डीएसए, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट. ग्राहक शोधायचा, कागदपत्रं गोळा करायची आणि फाइल बँकेत पोहोचवायची, हे त्याचं काम. कर्ज मंजूर करणं हे त्याचं काम नाही. रिझर्व्ह बँकेच्या आउटसोर्सिंगच्या नियमांनुसार कर्जमंजुरीसारखा निर्णय बँकेला बाहेरच्या माणसावर सोपवता येत नाही. त्यामुळे एजंटच्या तोंडी "अप्रूव्ह झालंच समजा" हे वाक्य आलं, तर त्याच्याकडे नसलेला अधिकार तो दाखवतो आहे.

त्याचं कमिशन बँक देते, कर्जाची रक्कम प्रत्यक्ष वितरित झाल्यावर आणि त्या रकमेच्या प्रमाणात. यात गैर काही नाही, दलालीचा धंदा असाच चालतो. पण यातून एक गोष्ट आपोआप घडते. कर्ज 20 लाखांऐवजी 30 लाखांचं झालं तर एजंटचा फायदा वाढतो, आणि 20 वर्षं हप्ता भरायची वेळ येते तेव्हा तो चित्रात नसतो. म्हणून त्याच्याकडून येणारा आकडा बहुधा कमाल मर्यादेचाच असतो.

39 लाखांचे 29 लाख कसे होतात?

एक नमुना जोडपं घेऊ. नवरा देवळी एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि त्याच्या हातात 38 हजार येतात. बायको खासगी रुग्णालयात परिचारिका आहे, तिच्या हातात 27 हजार येतात. बाइकचा हप्ता 3,200 आणि मोबाइल-फ्रिजचा मिळून 2,300, म्हणजे दर महिन्याला 5,500 रुपये आधीच बांधलेले आहेत. जोडपं काल्पनिक आहे, पण असे पगार आणि असे हप्ते वर्ध्यात घरोघरी सापडतील.

बँक आधी पगाराची चाळणी करते. नवऱ्याच्या 38 हजारांत सरासरी सहा हजार ओव्हरटाइमचे आहेत. ओव्हरटाइम, इन्सेन्टिव्ह, नाइट ड्युटीचा भत्ता हे उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं, म्हणून अनेक संस्था ते अर्धंच धरतात आणि काही तर धरतच नाहीत. रोखीने मिळणारा पगार बहुतेकांच्या हिशेबातच येत नाही. इथे ओव्हरटाइम अर्धा धरला, तर नवऱ्याचे 35 हजार आणि बायकोचे 27 हजार मिळून 62 हजार होतात.

मग प्रश्न येतो, की या उत्पन्नातला किती हिस्सा हप्त्यांत जाऊ द्यायचा. या प्रमाणाची मर्यादा प्रत्येक संस्थेची वेगळी असते आणि पगार वाढला की तीही थोडी वाढते. आपण निम्मा हिस्सा धरू, म्हणजे 31 हजार. त्यातून चालू हप्त्यांचे 5,500 वजा केले की घराच्या हप्त्याला 25,500 उरतात. साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता साधारण 868 रुपये पडतो. 25,500 ला 868 ने भागलं, की उत्तर येतं साधारण 29 लाख 38 हजार.

मेसेजमध्ये 39 आणि कागदावर 29. दहा लाखांचा फरक पडला, आणि यात बँकेचा आडमुठेपणा कुठेच नाही. चालू हप्ते आणि ओव्हरटाइम धरले नाहीत, एवढंच झालं. दर साडेआठ टक्के मुद्दाम थोडा वरचा घेतला आहे. 2025 मधल्या कपातीनंतर चांगला सिबिल स्कोअर असलेल्यांना सरकारी बँकांत आठच्या खालीही दर मिळाले आहेत, तर हाउसिंग फायनान्स कंपन्यांचे दर त्याहून बरेचदा जास्त असतात. जाहिरातीतला आकडा मात्र नेहमी सर्वांत कमी दराने काढलेला असतो.

याच हिशेबात एक उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. महिन्याचे 5,500 रुपयांचे किरकोळ हप्ते 6 लाख 30 हजारांहून अधिक पात्रता खातात. एकट्या बाइकच्या हप्त्यानेच साडेतीन लाखांहून अधिक पात्रता कमी होते. बाइकचे शेवटचे तीस-चाळीस हजार उरले असतील तर ते आधी फेडून टाकणं आणि पावती जपून ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चांगले एजंट हे सांगतात. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पात्रता 'बसवून' देणारी दहा वर्षं

घर 36 लाखांचं आहे आणि कर्ज 29 चंच बसतंय, अशा वेळी एजंटकडे हमखास एक युक्ती असते. "मुदत 30 वर्षं करू, हप्ता तोच राहील." गणिताने तो बरोबर असतो. 25,500 च्याच हप्त्यात 30 वर्षांसाठी साधारण 33 लाख 16 हजार बसतात.

फक्त वाढलेल्या वर्षांचा हिशेब तो करून दाखवत नाही. दहा वर्षं म्हणजे 120 हप्ते, आणि 25,500 गुणिले 120 म्हणजे 30 लाख 60 हजार. आज पावणेचार लाख जास्त मिळावेत म्हणून पुढे तीस लाखांहून अधिक भरायचे. मधेच जादा पैसे भरून मुदत कमी करता येते हे खरं आहे. बदलत्या व्याजदराच्या, म्हणजे फ्लोटिंग गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंडही लागत नाही. पण जादा भरायला हातात काही उरत नव्हतं, म्हणून तर मुदत ताणली होती.

रजिस्ट्रीच्या दिवशी लागणारी रोकड

पात्रतेच्या मेसेजमध्ये सहसा न येणारा दुसरा आकडा म्हणजे स्वतःचे पैसे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला ही मर्यादा 80 टक्के आहे आणि त्यावर 75 टक्के. ही 'किंमत' म्हणजे नुसती घराची किंमत. दहा लाखांपर्यंतची घरं सोडली, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च त्यात मिळवता येत नाही. तो सगळा खिशातून जातो.

नमुना जोडप्याने 36 लाखांचा फ्लॅट पाहिला आणि 29 लाख कर्ज घेतलं, असं समजू. घराच्या किमतीतले सात लाख त्यांचे स्वतःचे. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरलं तर 2 लाख 16 हजार. जागा नगर परिषदेच्या हद्दीत आहे की पिपरी, सिंदी, बोरगावसारख्या मेघे गावांत, यावर दर बदलू शकतो, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं. नोंदणी शुल्क एक टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. बँकेची प्रक्रिया फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन यांचे आणखी पंचवीस-तीस हजार. एकूण जवळपास पावणेदहा लाख रुपये हातात असल्याशिवाय चावी मिळत नाही.

"वहिनींच्या नावाने घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे" असंही सांगितलं जातं. राज्य सरकारची ही सवलत आहे, पण खरेदीदार फक्त महिला असेल तर. नवरा-बायको दोघांच्या नावाने घेतलं तर ती मिळत नाही. पाच शब्दांचा हा तपशील, पण रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी कळला तर चांगलीच धावपळ होते.

पावणेदहा लाख नसतील तर? इथे सर्वांत घातक सल्ला येतो. "मार्जिनसाठी पर्सनल लोन काढू." पाच लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता 11,600 च्या पुढे जातो. तो घराच्या 25 हजारांत मिळवला की या जोडप्याला फक्त कर्जांपायी 36 हजारांहून अधिक भरायचे आहेत, आणि बाइक-फ्रिज वेगळेच. बँकेला हे चालत नाही, म्हणून गृहकर्ज मंजूर झाल्यानंतर आणि वितरणाआधी पर्सनल लोन काढायची शक्कल सुचवली जाते. अर्जावर सही करणारा एजंट नसतो, हे त्या वेळी लक्षात ठेवावं.

एक पगार थांबला तर?

पात्रतेच्या सगळ्या हिशेबात सर्वांत नाजूक गृहीतक हे आहे, की दोन्ही पगार 20 वर्षं चालू राहतील. बँकेला ते तपासायची गरज वाटत नाही, कारण तिच्याकडे घर तारण आहे आणि दोघांच्याही सह्या आहेत. सहकर्जदार म्हणून सही केली की 'माझ्या वाट्याचा निम्मा हप्ता' असं काही नसतं. दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार असतात, आणि हप्ता चुकला की दोघांचाही सिबिल स्कोअर पडतो.

29 लाखांच्या कर्जाचा हप्ता 25,167 रुपये. बायकोची नोकरी काही काळ थांबली असं धरू. बाळंतपणासाठी कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण 11 महिन्यांच्या करारावर किंवा कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या किती जणींच्या हाती ती पूर्ण पडते, हे रुग्णालयांत आणि शाळांत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रजेनंतर बाळाला सांभाळायला घरी कुणी नसलं तर ब्रेक लांबतो. अशा वेळी नवऱ्याच्या 38 हजारांतून घराचा हप्ता आणि बाकीचे 5,500 गेले की महिन्याला 7,333 रुपये उरतात. त्यात किराणा, पेट्रोल, वीजबिल, डॉक्टर आणि गावी पाठवायचे पैसे. कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला तर त्यातलेही सहा हजार गेले.

आता उलटा हिशेब. मोठ्या पगाराच्या साधारण 45 टक्के, म्हणजे 17 हजारांच्या आत हप्ता ठेवला तर कर्ज साडेएकोणीस-वीस लाखांच्या घरात येतं. मेसेजमधला आकडा 39, बँकेचा 29 आणि झेपणारा 20. तरुण जोडप्याने घर शोधायला निघताना तिसरा आकडा खिशात ठेवावा. दुसरा पगार चालू आहे तोवर त्यातून जादा फेड करावी, म्हणजे मुदत झपाट्याने कमी होते. हे मत कुणाला फार सावध वाटेल. पण निमसरकारी किंवा कंत्राटी नोकरीत वर्षाअखेरी नूतनीकरणाच्या पत्राची वाट पाहिलेल्यांना तसं वाटणार नाही.

दर वाढला की हप्ता की मुदत?

गृहकर्जं बहुतेक फ्लोटिंग असतात. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपो दरासारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत. मे 2022 मध्ये 4 टक्क्यांवर असलेला रेपो फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. 2025 मध्ये तो पुन्हा खाली येऊन डिसेंबरात सव्वापाचवर आला. 20 वर्षांत असे झोके अनेकदा येणार.

29 लाखांच्या कर्जाला दर साडेआठवरून साडेदहा झाला तर 20 वर्षांचा हप्ता 25,167 वरून साधारण 28,950 वर जातो. बँका शक्यतो हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, म्हणून अनेकांना वाढ जाणवत नाही. पण सुरुवातीलाच अशी वाढ झाली तर तेही जमत नाही. 29 लाखांवर साडेदहा टक्क्यांनी महिन्याचं व्याजच 25,375 रुपये होतं, म्हणजे हप्त्याहून जास्त. हप्ता भरूनही मुद्दल वाढतच राहील. असं होऊ देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात बजावलं आहे. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे निवडण्याची मुभाही कर्जदाराला दिली आहे. मंजुरीच्या वेळी हे समजावून सांगणं बँकेचं काम आहे. एजंटने पात्रता सांगताना 'दोन टक्के वाढले तर हप्ता इतका' अशी एक ओळ जोडली तर त्याचा धंदा बुडणार नाही.

करबचत आणि अनुदान : एक पोकळ, एक खरं

"गृहकर्जामुळे दोघांचाही टॅक्स वाचतो" हे वाक्य बऱ्याच वर्षांपासून चालत आलं आहे. घरकर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत आणि मुद्दलावर दीड लाखापर्यंतची वजावट राहत्या घरासाठी जुन्या करप्रणालीत मिळते. आता नवी प्रणाली आपोआप लागू असते आणि 2025-26 पासून तीत नोकरदाराला पगाराच्या 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. या जोडप्यात प्रत्येकाचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आसपास किंवा त्याखाली आहे. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कसा?

अनुदानाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो नेमका चुकीच्या वेळी सांगितला जातो. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये, 1 सप्टेंबर 2024 पासून, व्याज अनुदानाचा भाग आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या आठ लाखांवर 12 वर्षांच्या मुदतीपर्यंत चार टक्के व्याज अनुदान धरलं जातं. त्याचे जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं, ही अट आहे. घर शहरी हद्दीत किंवा योजनेत धरलेल्या नियोजन क्षेत्रात हवं. वर्ध्याला चिकटून असलेल्या ग्रामपंचायतींतल्या जागेबाबत हे आधी लेखी विचारून घ्यावं.

आता नमुना जोडप्याकडे पाहा. 36 लाखांचा फ्लॅट आणि 29 लाखांचं कर्ज, दोन्ही आकडे मर्यादेबाहेर. 'पूर्ण पात्रता वापरली' म्हणून अनुदान हातचं गेलं. त्याऐवजी थोडा लहान किंवा जरा आतल्या भागातला 28 लाखांचा फ्लॅट घेतला आणि 20 लाख कर्ज घेतलं, तर स्वतःचे आठ लाख, मुद्रांक शुल्क 1 लाख 68 हजार, नोंदणी 28 हजार आणि किरकोळ खर्च मिळून दहा लाखांच्या आसपासच रोकड लागते. जवळपास आधीइतकीच. हप्ता मात्र 17,356 होतो. अनुदानाची शक्यता राहते, आणि एक पगार थांबला तरी बाकीचे हप्ते जाऊन 15 हजार हातात उरतात. एक खोली कमी, हा याचा तोटा. तो खरा आहे आणि जोडप्यानेच तोलायचा आहे.

घराची पात्रता वेगळी

पगार कितीही पक्का असो, घराचे कागद कच्चे असतील तर बँक कर्ज देत नाही. वर्ध्याभोवती प्लॉटचा व्यवहार मोठा आहे, आणि तिथे अकृषक आदेश, मंजूर लेआउट, सातबारा हे सगळं बँकेचा वकील पाहतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही. "बँक नाही म्हणाली तरी आमची फायनान्स कंपनी करते" असं कुणी म्हणालं, तर त्या जादा व्याजाबरोबर कागदाची जोखीमही आपल्याच नावावर येते. बँकेचा नकार इथे फुकटात मिळालेला कायदेशीर सल्ला समजावा आणि टोकन देण्याआधीच तो मिळवावा.

मेसेजमध्ये काय असायला हवं?

एजंटने खबरदारी म्हणून काय लिहावं, याचा एक नमुना असा होऊ शकतो : "हा अंदाज आहे, मंजुरी नाही. निर्णय बँकेचा. चालू हप्ते आणि पक्का पगार धरून काढलेला आकडा. दर दोन टक्के वाढला तर हप्ता इतका होईल. एकाच पगारावर झेपणारं कर्ज इतकं. मुद्रांक शुल्कासह स्वतःची रोकड इतकी लागेल. माझं कमिशन बँक देते, तुमच्याकडून मी पैसे घेत नाही." सात-आठ ओळी. हे लिहिणाऱ्या एजंटकडे फाइल देण्यात धोका कमी.

फाइल देतानाही एकच बँक किंवा फार तर दोन ठरवून द्याव्यात. एजंटने ती पाच ठिकाणी टाकली तर थोड्या दिवसांत पाच चौकशा क्रेडिट अहवालात नोंदल्या जातात, आणि पुढच्या बँकेला हे जोडपं कर्जासाठी वणवण करतंय असं दिसतं. त्याआधी आपला अहवाल स्वतः पाहावा. चारही क्रेडिट माहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात, आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. पगारपत्रक 'थोडं सुधारून' देण्याची ऑफर आली तर तिथेच थांबावं. बँक पगाराच्या स्लिपबरोबर बँक स्टेटमेंट आणि आयकराचा तपशीलही पाहते, आणि खोट्या कागदावर सही अर्जदाराची असते.

सगळ्यात शेवटी हातात पडायला हवा तो कागद म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंट. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी तो देणं बँका आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे, तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. म्हणजे मराठीत मागता येतो. त्यात फी, विमा, वकिलाचा खर्च धरून वर्षाला पडणारा खरा दर लिहिलेला असतो. एजंटने सांगितलेला दर आणि हा दर शेजारी ठेवले की मधला फरक लगेच दिसतो. बरेचदा त्यात कर्जातच मिळवलेला एकरकमी विम्याचा हप्ता असतो. विमा असणं चांगलं, पण तो ठरावीक कंपनीचाच आणि कर्जात मिळवूनच घ्यावा अशी सक्ती नाही. या कागदात नसलेली कोणतीही फी नंतर कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस बँकेला पाळाव्या लागतात. म्हणजे "आजच सही करा, उद्या रेट बदलेल" असं कुणी म्हणालं, तर तो कागद घरी नेऊन दोन रात्री वाचायला वेळ असतो.